आखाजीचं पान आखाजीआधी गूगलवर कसं दिसेल?

जळगावातल्या एका गृहउद्योगाची वेबसाइट मी सांभाळतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सांजोऱ्या करून पुणे-सुरतेला पार्सल पाठवायच्या, हा त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा हंगाम. या कामात नव्याने येणाऱ्यांनी २०२५ साली आमच्याकडून झालेली चूक नीट समजून घ्यावी, म्हणून ती सविस्तर लिहितो.

२०२४ ची आखाजी १० मेला होती. ती तारीख माझ्या डोक्यात इतकी बसली होती की पुढच्या वर्षी ‘महिनाभर आधी’ म्हणून मी १० एप्रिलला नवं पान टाकलं, पत्ता `/akhaji-sanjori-2025/`. त्याच संध्याकाळी मालकीणबाईंचा फोन आला, “भाऊ, यंदा आखाजी तीस तारीखले शे!” पार्सल पोहोचायला पाच दिवस धरले तर ऑर्डरी २५ एप्रिललाच बंद करायच्या होत्या. हाताशी उरले पंधरा दिवस.

आपली पानं गूगलला कशी दिसतात ते दाखवणाऱ्या गूगलच्याच Search Console मध्ये पत्ता तपासला, तर `Discovered – currently not indexed`. म्हणजे पान आहे हे गूगलला कळलेलं, पण ते अजून वाचलेलंच नाही. मी रोज `Request Indexing` दाबत राहिलो. त्याने काही होत नाही. एकदा विनंती गेली की पुन्हा पुन्हा पाठवून नंबर पुढे सरकत नाही. गूगल स्वतःच सांगतं की यात काही दिवसांपासून काही आठवडे जाऊ शकतात. आमचं पान २६ तारखेला इंडेक्स झालं, म्हणजे गूगलच्या शोधयादीत आलं, ते ऑर्डरी बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर शोधणाऱ्यांना २०२४ चं जुनं पान दिसत होतं आणि त्यावर लिहिलेलं होतं, ‘५ मेपर्यंत ऑर्डर द्या’. त्या भरवशावर मे उजाडल्यावर फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांना नाही म्हणताना फार वाईट वाटलं.

चुका दोन होत्या. जुनं, आधीच इंडेक्स झालेलं पान सोडून मी सालाचा पत्ता असलेलं नवं पान उभं केलं, ही पहिली. पत्त्यात साल घालूच नये. साल शीर्षकात लिहावं आणि दरवर्षी बदलावं. हंगाम संपल्यावर मी नवं पान `301` ने, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याच्या खुणेने, जुन्या `/akhaji-sanjori/` कडे वळवलं.

दुसरी चूक तारखेची. तिथीचे सण इंग्रजी तारखेने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि मध्ये अधिक मास पडला की एकदम अठरा ते वीस दिवस पलीकडे जातात. २०२३ मध्ये आखाजी २२ एप्रिलला होती. त्याच वर्षी पुढे अधिक श्रावण आला, म्हणून २०२४ ला ती १० मेवर गेली आणि २०२५ ला पुन्हा ३० एप्रिलवर आली. Search Console सोळा महिन्यांचा आलेख दाखवतं, त्यामुळे मागची आखाजी त्यात सापडतेच. पण तो आलेख तारखेने वाचू नका. सणाच्या किती दिवस आधी चढ सुरू झाला ते मोजा आणि तेवढे दिवस यंदाच्या तिथीपासून मागे जा.

२०२६ ची आखाजी १९ एप्रिलची. पाच दिवस पार्सलचे, म्हणून १४ एप्रिल शेवटची ऑर्डर. आमच्याकडे विचारणा त्याआधी साधारण दहा दिवस वाढते, म्हणजे ४ एप्रिल. त्यामागे चार आठवडे गूगलसाठी ठेवले, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात जुन्याच पानावर तारीख, भाव आणि सांजोरीचे नवे फोटो घातले. मुखपृष्ठावरून त्याला दुवा दिला, विनंती एकदाच केली. नंतर `View crawled page` उघडून त्यात ‘१४ एप्रिल’ शोधलं. पान इंडेक्समध्ये असणं पुरेसं नाही, गूगलकडे असलेली प्रत नवी आहे का हे इथेच कळतं. साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलसाठीच्या पानांच्या यादीत, पान शेवटचं कधी बदललं ते सांगणारं `lastmod` मात्र मजकूर खरोखर बदलला तरच बदला. उगाच बदलत राहिलात तर गूगल त्यावर विश्वास ठेवत नाही.

शब्दांचंही सांगतो. खान्देशातला माणूस ‘आखाजी’ लिहितो, पुण्यात वाढलेली त्याची मुलं ‘अक्षय्य तृतीया’ किंवा ‘अक्षय तृतीया’. तिन्ही शब्द एकाच पानात सहज येऊ द्यावेत. तीन पानं केली तर ती एकमेकांनाच मागे ओढतात.

आता खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाला होणाऱ्या रोटांचं पान करायचं आहे. तिथे हिशेब उलटा आहे. २०२६ मध्ये आखाजी अकरा दिवस अलीकडे आली, पण तिच्यानंतर अधिक ज्येष्ठ असल्याने नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारची कानबाई ३ ऑगस्टवरून २३ ऑगस्टवर गेली. हे पान पूर्ण नवं, त्यामुळे त्याला दोन महिने हवेत. जूनच्या मध्यापर्यंत ते टाकायचं असं ठरवलं आहे. रोटांचे फोटो गेल्या वर्षीच काढून ठेवले होते, कारण जूनमध्ये कोणाच्याच घरी रोट नसतात.