शेडमध्ये गठ्ठे किती बसतील? हिशोब करताना या चुका टाळा

गहू निघाला की हार्वेस्टरच्या मागोमाग बेलर फिरतो, काडाचे चौकोनी गठ्ठे शेतभर पडतात आणि बेलरवाल्याचा फोन येतो, किती गठ्ठे पाठवू बोला. बहुतेक जण काय करतात, शेडची लांबी रुंदी उंची गुणतात, एका गठ्ठ्याच्या मापाने भागतात आणि जो आकडा आला तो सांगून मोकळे होतात. मग गाडी दारात उभी, शेड भरलेलं, आणि अर्धे गठ्ठे बाहेर ताडपत्रीखाली. पहिला वळीव आला की त्यातले बरेचसे काळे पडतात आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. पैसे मात्र नगावर दिलेले असतात.

म्हणून एक खरंखुरं वाटेल असं शेड घेऊन सगळा हिशोब करू. आतून ३० फूट लांब, २० फूट रुंद, बाजूच्या भिंती १२ फूट, वर उतरते पत्रे, दार २० फुटी बाजूला. गठ्ठा छोट्या चौकोनी बेलरचा, म्हणजे १४ इंच उंच, १८ इंच रुंद आणि समजा ३६ इंच लांब. (कंपनीच्या कागदावर हेच माप ३६ बाय ४६ सेंटीमीटर लिहिलेलं असतं, ते इंच समजून गणित करू नका, असं करणारे लोक आहेत.)

पहिली चूक म्हणजे हीच घनफुटाची. ३० गुणिले २० गुणिले १२ म्हणजे ७२०० घनफूट, एक गठ्ठा सव्वापाच घनफूट, भागाकार १३७१. हा आकडा कागदावर बरोबर आहे पण गठ्ठा पाण्यासारखा कोपऱ्यात जाऊन भरत नाही, तो अख्खा बसतो किंवा बसतच नाही. शिवाय भिंतीला चिकटवून चालत नाही, हवा खेळायला तिन्ही बाजूंना एक फूट सोडायचा. दाराकडे माणसाला उभं राहून गठ्ठे काढायला चार फूट लागतात. खाली पॅलेट किंवा लाकडी ओंडके, त्याचे सहा इंच. वर पत्र्याखाली दोन फूट मोकळे, कारण उन्हाळ्यात पत्रा प्रचंड तापतो, पावसाळ्यात रात्री त्याला आतून पाणी सुटतं ते थेंब थेंब वरच्या थरावर पडतं, आणि लाईटची वायर पण तिथूनच गेलेली असते.

आता उरलं काय ते बघा. लांबी ३० मधून ५ गेले, २५ फूट म्हणजे ३०० इंच. रुंदी १८ फूट म्हणजे २१६ इंच. एक थर आडवा लावला, म्हणजे गठ्ठ्याची लांबी शेडच्या रुंदीत, तर रुंदीत २१६ भागिले ३६ म्हणजे ६ गठ्ठे, आणि लांबीत ३०० भागिले १८ म्हणजे १६.६६, पण पाऊण गठ्ठा नसतो, म्हणून १६. थर झाला ९६ चा. दुसरा थर उलट्या दिशेने, गठ्ठ्याची लांबी शेडच्या लांबीत, तर रुंदीत १२ आणि लांबीत ८, तोही ९६. दोन्ही दिशांनी सारखे आले हे चांगलं आहे, कारण एक थर असा एक थर तसा लावला की विटांच्या बांधकामासारखी थप्पी एकमेकांत अडकते आणि ढासळत नाही.

सगळ्यात खालचा थर मात्र वेगळा. त्याला कडेवर उभा करतात, म्हणजे सुतळी वर-खाली न राहता बाजूला येते, खालच्या ओलीने कुजत नाही आणि उंदीरही सहज कुरतडत नाहीत. कडेवर उभा केला की गठ्ठ्याची उंची १४ ऐवजी १८ इंच होते आणि जागा १४ बाय ३६ लागते, त्यामुळे या थरात १५ गुणिले ८ म्हणजे १२० बसतात. उंचीचं बघू, १४४ इंचातून पॅलेटचे ६ आणि वरचे २४ गेले, राहिले ११४. पहिल्या थराचे १८ काढले की ९६, त्याला १४ ने भागलं तर ६.८५, म्हणजे सहाच थर. एकूण १२० अधिक ६ गुणिले ९६, झाले ६९६.

१३७१ आणि ६९६. निम्म्यावर आलो, आणि यात कुठेही कंजूषपणा केलेला नाही.

दुसरी चूक जरा बारीक आहे पण खरा दणका हीच देते, ती म्हणजे बेलरवाल्याने सांगितलेलं माप तसंच धरणं. गठ्ठ्याची उंची आणि रुंदी बेलरच्या पेटीने ठरते, त्यामुळे ती फारशी हलत नाही. लांबी मात्र सेट करावी लागते, आणि आत काड थप्पीथप्पीने दाबलं जातं, एकेका दाबाला एक पापुद्रा तयार होतो. लांबी मोजणारं चाक पुरं फिरलं की गाठ पडते पण शेवटचा पापुद्रा अख्खाच येतो, म्हणून एकाच शेतातले गठ्ठे तीन-चार इंचांनी लहानमोठे निघतात, त्यात बाहेर पडल्यावर काड थोडं फुगतं ते वेगळंच. "तीन फुटी गठ्ठा" म्हणून घेतलेला माल सरासरी ३८ इंच भरला तर काय होतं बघा. रुंदीत २१६ भागिले ३८ म्हणजे ५.६८, सहाची रांग पाचवर आली. लांबीत ३०० भागिले ३८ म्हणजे ७.८९, आठचे सात झाले. आता एक थर ८० चा, दुसरा ८४ चा, खालचा १०५ चा, आणि एकूण फक्त ५९७. दोन इंचांनी ९९ गठ्ठे बाहेर राहिले! लोकांना वाटतं दोन इंच म्हणजे पाच टक्के, तेवढेच कमी होतील, पण रांग तुटते तेव्हा अख्खी तुटते.

उपाय सोपा आहे. ऑर्डर देण्याआधी शेतात जा, दहा गठ्ठे वेगवेगळ्या ठिकाणचे उचलून एका ओळीत टोकाला टोक लावा, थोडे दाबून, आणि टेपने एकदम पूर्ण ओळ मोजा. ३८० इंच आली तर सरासरी ३८. एकेक गठ्ठा मोजून सरासरी काढण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं, कारण मधल्या फटी पण त्यात येतात आणि शेडमध्ये फटी येणारच आहेत. मग बघा जागेत थोडी सरकवासरकव करून रांग वाचते का. आपल्या उदाहरणात लांबीत आठ गठ्ठ्यांना ३०४ इंच लागतात, म्हणजे दाराच्या वाटेतून फक्त चार इंच घेतले की झालं. रुंदीत सहा गठ्ठ्यांना २२८ लागतात, दोन्ही बाजूंच्या मोकळ्या फुटातून सहा-सहा इंच घेतले की बसतात आणि हवेला अजून अर्धा फूट राहतो. परत ६९६. हे आधी कळलं तरच करता येतं, तीन थर लावून झाल्यावर कोण परत काढणार.

वरच्या उताराच्या जागेचा मोह खूप जणांना होतो, मधोमध उंची जास्त आहे ना मग तिथे अजून दोन थर चढवू. मी तरी ती जागा शून्य धरतो. तिथपर्यंत गठ्ठा हाताने चढवताना माणूस पडण्याची भीती, वरचा थर पत्र्याला टेकलेला, आणि काढताना वरचाच आधी अंगावर येतो. तसंच थप्पी भिंतीला रेलून उंच करू नका, साधी विटेची भिंत किंवा पत्र्याचं कुंपण असा आडवा दाब घ्यायला बांधलेलं नसतं.

आता उलटी गोष्ट, थप्पी आधीच लागलेली आहे आणि त्यात किती आहेत ते मोजायचंय, विकत घेताना किंवा जून महिन्यात शिल्लक बघताना. इथे एक चूक सर्रास होते. समोरून एका थरात १२ तोंडं मोजली, मग बाजूला जाऊन दुसऱ्याच थरात १६ तोंडं मोजली, गुणाकार १९२, आणि म्हणाले एका थरात १९२ गठ्ठे. खरे आहेत ९६. थर उलटसुलट असल्यामुळे ज्या थरात समोरून १२ आखूड तोंडं दिसतात त्याच थरात बाजूने ८ लांब कडा दिसतात, आणि ज्यात बाजूने १६ दिसतात त्यात समोरून ६ च. म्हणून एक थर पकडा, बोट न सोडता कोपऱ्यावरून वळा आणि तोच थर दुसऱ्या बाजूने मोजा. एक आडवा थर, एक उलट्या दिशेचा, एक खालचा, असे तीन वेगळे मोजले की पुरे. विकत घेत असाल तर वर चढून मधे पोकळ नाही ना हे पण बघा, कडेने भिंत रचून आत खड्डा राहिलेला असू शकतो, मुद्दाम असो वा घाईने.

गोल गठ्ठे असतील तर एकच सांगतो, वर्तुळाचं क्षेत्रफळ काढू नका. सरळ रांगेत लावलेला गोल गठ्ठा त्याच्या व्यासाएवढ्या चौकोनाची जागा अडवतो, त्यातली साधारण २१ टक्के जागा कोपऱ्यांत रिकामीच जाते.

आणि नगावर सगळं अवलंबून ठेवू नका, कारण जनावर नग खात नाही, किलो खातं. दहा गठ्ठे वजन करा, वरचे कोरडे आणि खालचे मिळून. समजा सरासरी १४ किलो आली. दहा जनावरं, रोज पाच किलो काड, १८० दिवस, म्हणजे ९००० किलो, म्हणजे ६४३ गठ्ठे. आपल्या शेडमध्ये ६९६ बसतात, ५०-५५ फुटलेले, खालचे खराब झालेले, सांडलेले यासाठी उरतात, ठीक जमलं. पण गठ्ठा १४ ऐवजी ११ किलोचा निघाला तर तेच शेड भरूनही ७६५६ किलोच होतात, म्हणजे महिनाभर आधी संपणार, आणि मग ऐन टंचाईत चढ्या भावाने घ्यावं लागणार. ढिला दाबलेला गठ्ठा सुतळी धरून उचलला की मधे वाकतो, तिथेच ओळखायचं.

उलट एखादा गठ्ठा अचानक जड लागला तर खूश होऊ नका, तो बहुतेक ओला आहे. ओला माल असा घट्ट सात थर लावला तर आतून तापतो आणि वाईट वेळ आली तर पेटतो पण. अशा गठ्ठ्यांसाठी ६९६ चा आकडा लागूच नाही, ते आधी बाहेर सुटे वाळवायचे, वाळल्याशिवाय आत घ्यायचेच नाहीत. थप्पी लावल्यावर पहिले काही आठवडे लोखंडी सळई मधल्या थरात खोल घालून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, बाहेर काढून हात लावा. कोमट असेल तर रोज बघत राहा, हातात धरवत नसेल तर आधी पाण्याची सोय आणि दोन-चार माणसं जवळ ठेवा, मग बाहेरच्या बाजूने थप्पी उकलायला घ्या, वर चढू नका कारण आत जळून पोकळ झालेलं असेल तर माणूस खाली जातो.