‘परत आलो’ म्हणणाऱ्या बागायतदाराचे जुने बोलणे चॅट-सेवेला आठवत नव्हते: माझा अनुभव

आमच्या द्राक्षसल्ल्याच्या चॅट-सेवेवर एका बागायतदारांनी लिहिले, “नमस्कार, परत आलो, काल बोललो त्या भुरीचे पुढे काय करू?” तेव्हा सेवेने आठवत असल्यासारखा भलत्याच फवारणीचा दाखला दिला. ‘मागचे लक्षात ठेव’ ही सूचना घालूनही फरक पडला नाही, कारण सेवेमागच्या एआय मॉडेलला त्या-त्या विनंतीसोबत पाठवलेला मजकूरच दिसतो. यात चार दिवस वाया गेल्याचे फार वाईट वाटले.

अखेर प्रथम संभाषणाची ओळख ब्राउझरच्या सत्राऐवजी पडताळलेल्या मोबाइल क्रमांकाशी जोडली; मग प्रत्येक संदेश वेळेसह साठवला; त्यानंतर शेवटचे 20 संदेश, जुन्याकडून नव्याकडे या क्रमाने, ताज्या संदेशाआधी पाठवले. नोंद नसल्यास तसे स्पष्ट सांगून थोडक्यात माहिती विचारावी, अशी सूचनाही घातली. पूर्वी न साठवलेली संभाषणे मात्र यानेही परत मिळत नाहीत.