मांजर खाजवतंय, केस गळताहेत, खाणंही बदललंय: डॉक्टरांना आधी पाठवायचा मेसेज कसा लिहावा

दवाखान्याच्या टेबलावर मांजर खाजवत नाही. घाबरून दगडासारखं बसून राहतं, नाहीतर परत पिंजऱ्यात शिरायला धडपडतं. डॉक्टरांना दिसतात ते फक्त विरळ झालेले केस. बाकी सगळं तुमच्या तोंडून कळायचं असतं आणि संध्याकाळच्या गर्दीत त्यासाठी दहा मिनिटं मिळतात. म्हणून आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर नीट लिहिलेला मेसेज पाठवावा. परळला राहून मी चौदा वर्षं मांजरं पाळते आहे. स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या मांजरांसाठी असे मेसेज बरेच लिहिले, त्यातला एक चुकीचा लिहिला, आणि त्याची शिक्षा मांजराला झाली. तो पुढे सांगते.

सुरुवात सोपी असते. नाव, वय, नर की मादी, नसबंदी झाली आहे का, अंदाजे वजन, घरातच असतं की बाहेर फिरतं, एवढं एका ओळीत लिहा.

मग केस कुठले गेले ते शरीराच्या भागानुसार लिहा. "सगळीकडे गळतात" याचा काही उपयोग नाही. शेपटीच्या मुळाशी आणि पाठीच्या मागच्या भागावर खाज असेल तर पिसवांचा संशय आधी येतो. तोंड, कान, मान इथे जास्त असेल तर इतर कारणांबरोबर खाण्याचाही विचार होतो. गोल चट्टा, कडेला कोंडा आणि तुटके केस असतील तर नायटा तपासावा लागतो. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसला तर कानातले किडे असू शकतात. निदान तुम्ही करायचं नाही, जागा मात्र अचूक सांगायची.

पोटावर किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला केस गेले असतील तर तिथे बोट उलट्या दिशेने फिरवा. दाढीच्या खुंटांसारखं टोचलं तर केस मुळापासून गळलेले नाहीत, मांजराने चाटून तोडलेले आहेत. म्हणजे तिथे खाज आहे, किंवा ते कुठल्या तरी त्रासाने चाटतंय. बहुतेक मांजरं हे कोपऱ्यात बसून करतात, त्यामुळे "खाजवताना कधी दिसली नाही, केस मात्र गेले" असं लोक सांगतात. "हात लावला की खुंट टोचतात" हे एक वाक्य मेसेजमध्ये असलं की डॉक्टरांचा विचार बराच पुढे सरकतो. उलटीत केसांचे गोळे वाढले असतील तर तेही लिहा.

आता खाण्याचा भाग. इथेच बहुतेक जण चुकतात, मीही चुकले.

आमची सोनी तेव्हा चार वर्षांची होती. २ जूनला तिचं नेहमीचं चिकनचं सुकं खाणं दुकानात मिळालं नाही, म्हणून "ओशन फिश" लिहिलेली पिशवी आणली. ९ जूनला ती मान खाजवताना दिसली, आणि उचलून घेतलं तर पोटावर केस विरळ. मी डॉक्टरांना लिहिलं: "खाणं बदलल्यापासून खाजवते, केस गळतात, फूड अ‍ॅलर्जी असावी." डॉक्टरांनी माझ्या माहितीवर विश्वास ठेवला आणि खाणं पुन्हा बदलायला सांगितलं. तीन आठवडे गेले, शेपटीजवळ खपल्या धरल्या. मग एका रात्री फोनमधले जुने फोटो चाळताना २४ मेचा फोटो सापडला. सोनी खिडकीत पोट वर करून झोपली होती आणि पोटावर तळहाताएवढी जागा तेव्हाच विरळ झालेली होती. नवीन पिशवी घरात येण्याच्या नऊ दिवस आधी!

तो फोटो पाठवला, पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी बारीक दातांचा कंगवा फिरवला, निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले आणि कणांभोवती तांबूस डाग पसरला. पिसवांची विष्ठा पचलेल्या रक्ताची असते, म्हणून ओली झाली की तांबूस होते. साधी माती तशी होत नाही. पिसू मात्र एकही दिसली नाही, कारण मांजर चाटून चाटून त्या गिळून टाकतं. आमचा बोक्या त्याच घरात आरामात होता, कारण प्रत्येक मांजराला पिसवांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी नसते. मुंबईच्या दमट हवेत पिसवा वर्षभर टिकतात, त्यामुळे "आमचं मांजर खाली उतरतच नाही" हे कारण मी आता ऐकूनही घेत नाही. जिन्यातून आपल्या पायांबरोबरही त्या घरात येऊ शकतात.

तेव्हा पहिला नियम: खाणं बदलल्याची तारीख आणि पहिल्यांदा काही दिसल्याची तारीख वेगवेगळी लिहा. "पासून" हा शब्द दोघांच्या मध्ये घालू नका. आणि "पहिल्यांदा दिसलं" ही तारीख आठवणीतून काढू नका. फोनमधल्या फोटोंवर तारीख असते, आणि मांजर पाळणाऱ्या माणसाकडे मांजराचे फोटो नसतात असं होत नाही. दोन-तीन महिने मागे जा, पोट, मांड्या, कान दिसतील असे फोटो शोधा. केस एका रात्रीत जात नाहीत, तेव्हा खाज त्याच्याही आधी सुरू झालेली असते.

दुसरी गोष्ट, खाणं "बदललं" म्हणजे नक्की काय बदललं? सोनीच्या त्या माशाच्या पिशवीची मागची बाजू मी नंतर वाचली. घटकांमध्ये मासे होते, पण त्यांच्या आधी चिकन होतं. म्हणजे जुन्या खाण्यातलं चिकन नव्यातही होतंच. पुढच्या बाजूचं चित्र हे चवीचं असतं, त्यावर जाऊ नका. नव्या आणि जुन्या दोन्ही पिशव्यांच्या मागच्या घटकांच्या यादीचा फोटो काढून पाठवा. जुनी पिशवी फेकली असेल तर तेच खाणं विकणाऱ्या दुकानात जाऊन काढा.

जुन्या खाण्याची माहिती कशाला, असं अनेकांना वाटतं. खाण्याची अ‍ॅलर्जी बरेचदा महिनोन् महिने, वर्षानुवर्षं खाल्लेल्या प्रथिनाचीच होते. काल आणलेल्या पिशवीवर संशय घेणं सोपं असतं, पण जुनी पिशवी काही निर्दोष ठरत नाही. शिवाय डॉक्टरांना खरंच खाण्याचा संशय आला तर ते निदान आठ आठवड्यांचं पथ्य देतात. त्यात मांजराने आजवर न खाल्लेलं प्रथिन, किंवा प्रथिनाचे बारीक तुकडे केलेलं खास खाणं द्यायचं असतं, आणि त्याशिवाय काहीही नाही. मांजराने आधी काय काय खाल्लं आहे हे डॉक्टरांना माहीत नसेल तर ते नवं काय निवडणार?

म्हणून यादी पूर्ण करा. कोळीण दारात आली की मिळणारं मांदेलीचं डोकं, शेजारच्या काकूंनी ठेवलेला बांगडा, सकाळच्या चहाच्या वेळी बशीतलं दूध, ब्रेडवरचं बटर, खाऊच्या काड्या, चवीची जंताची गोळी, सगळं. काकूंना जाऊन विचारा. आमच्या मजल्यावर एक मांजर तीन घरांत जेवत होतं आणि तिन्ही घरांना वाटत होतं की ते आपल्याकडेच जेवतं.

मग राहतात त्या चार गोष्टी: पिसवांचं औषध शेवटचं कधी आणि कुठलं लावलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत खाजेचं इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या का, घरात दुसरी जनावरं आहेत का, आणि घरातल्या कुणाला खाज किंवा गोल चट्टे आले आहेत का. इंजेक्शनची तारीख विसरू नका, काहींचा परिणाम अनेक आठवडे राहतो आणि तोवर खाज दबलेली असते. माणसांची गोष्ट लाजून लपवू नका, मांजराचा नायटा माणसाला होतो, मुलांना तर पटकन.

सोनीच्या वेळी मी जे लिहायला हवं होतं ते असं:

"नमस्कार डॉक्टर. उद्या संध्याकाळी ७ ची वेळ घेतली आहे. सोनी, मादी, ४ वर्षं, नसबंदी झालेली, साधारण साडेतीन किलो, घरातच असते. पोटावर आणि मागच्या मांड्यांच्या आत केस विरळ, हात लावला की खुंट टोचतात. शेपटीच्या मुळाशी बारीक खपल्या. मान खाजवते, रात्री जास्त. खाजवताना पहिल्यांदा ९ जूनला पाहिली, पण २४ मेच्या फोटोतही पोट विरळ दिसतं (फोटो सोबत). खाणं: दोन वर्षं चिकनचं सुकं, २ जूनपासून एकदम माशाचं सुकं, दोन्ही पिशव्यांच्या मागचे फोटो सोबत. शिवाय आठवड्यातून दोनदा उकडलेली मांदेली, रोज चमचाभर दूध. पिसवांचं औषध जानेवारीत लावलं होतं, नंतर नाही. इंजेक्शन, गोळ्या काही नाहीत. घरात दुसरा बोका आहे, त्याला त्रास नाही. माणसांना चट्टे नाहीत. खाते-पिते, शी-शू नेहमीसारखी. येईपर्यंत खाण्यात काही बदल करू का?"

यात "अ‍ॅलर्जी" हा शब्द नाही, तो तुम्ही लिहायचाच नाही. एकदा लिहिला की वाचणाऱ्याच्या मनात तो आधी बसतो.

सोबत फोटो तीन पुरे: वरून पूर्ण अंग, खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश न लावता केस बाजूला करून काढलेला चट्टा, आणि तोच चट्टा शेजारी एक रुपयाचं नाणं धरून. खाजवतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ मिळाला तर उत्तम.

मेसेज गेल्यावर उत्तर येईपर्यंत खाणं पुन्हा बदलू नका, नाहीतर तारखांचा आणखी गुंता होतो. अंघोळ घालू नका, पिसवांची विष्ठा आणि कोंडा धुऊन जातो. आणि घरगुती उपाय नकोतच. कापूर घातलेलं तेल, टी ट्री तेल मांजर चाटतं आणि ते त्याला विषारी आहे. कुत्र्याचं पिसवांचं औषध तर हातातही घेऊ नका. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात आणि ते दगावूही शकतं. कुणी "थोडंसं लावलं तर काही होत नाही" म्हणालं तर ऐकू नका.

चट्ट्यातून पाणी किंवा पू येत असेल, तोंड सुजलं असेल, किंवा मांजराने पूर्ण दिवस तोंडात काही घेतलं नसेल तर मेसेज लिहीत बसू नका, फोन करून त्याच दिवशी न्या.

आणि जाताना पिंजऱ्यात मांजराचं रोजचं फडकं असू द्या, धुवायला टाकू नका. सोनीच्या फडक्यावरही तेच काळे कण होते, आणि ते मी तीन आठवडे धूळ म्हणून झटकत होते.