चार्टच्या फोटोवरून टक्के काढताय? या चुका टाळा

शेअरच्या भावाचा चार्ट फोटोत आला की लोक तळापासून रेषेची उंची मोजतात आणि टक्केवारी सांगून मोकळे होतात. ओळखीतली मुलं मला असे फोटो पाठवत असतात आणि दहापैकी आठांच्या उत्तरात हीच चूक असते. चार्टचा तळ म्हणजे शून्य नव्हे. वर्तमानपत्रातले चार्ट बहुधा 400 वगैरे आकड्यापासून सुरू होतात, म्हणजे चढउतार ठळक दिसतो. तळ 400 असताना रेषा दोन घरांवरून चार घरांवर गेली, तर डोळ्यांना भाव दुप्पट झालेला दिसतो. एक घर 20 रुपयांचं असेल तर भाव 440 वरून 480 झाला, म्हणजे जेमतेम 9 टक्के. म्हणून पट्टी हातात घेण्याआधी मी डावीकडचे आकडे वाचतो. ते फोटोत कापले गेले असतील तर फोटो परत पाठवतो. आकड्यांशिवाय टक्के निघतच नाहीत.

दुसरी चूक फोटोच्या कोनाची आहे, आणि ती मला जास्त छळते, कारण ती दिसत नाही. माझा भाचा म्हापशाच्या एका वाचनालयात पेपर वाचत होता. उजव्या बाजूला दुसरे गृहस्थ वाचत होते, म्हणून त्याने डावीकडे उभं राहूनच फोटो काढला आणि संध्याकाळी फोन केला, "मामा, साडेपाच टक्के वाढलाय, नीट मोजलंय." खरोखरच त्याने पट्टीने मोजलं होतं. डावीकडे दोन आडव्या रेषांमधलं अंतर 12 मिलिमीटर आलं, तेच माप त्याने सगळीकडे लावलं. शेवटचा बिंदू तळापासून 42 मिलिमीटर, म्हणजे साडेतीन घरं; इथेही तळ 400 आणि घर 20 रुपयांचं, म्हणजे 470. सुरुवातीचा भाव 445. वाढ 25 रुपये, साडेपाच टक्के.

मी तोच फोटो लॅपटॉपवर उघडला. पडद्यावरची मापं वेगळी असतात, पण प्रमाण तेच राहतं, म्हणून इथे त्याच्याच मिलिमीटरांत सांगतो. उजवीकडे त्याच दोन रेषांमधलं अंतर 9 मिलिमीटर होतं. कॅमेरा डावीकडे, म्हणून उजवी बाजू दूर आणि त्यामुळे लहान. शेवटच्या बिंदूजवळची खालची रेषा बोटाने डावीकडे नेली तर ती 480 ला पोचत होती. बिंदू तिच्या 6 मिलिमीटर वर. 9 मधले 6, म्हणजे 20 रुपयांपैकी सुमारे 13. भाव 493. सुरुवातीचा बिंदू 440 च्या रेषेवर 3 मिलिमीटर, तिथलं घर 12 चं, म्हणून 445 बरोबरच होतं. वाढ 48 रुपये, जवळजवळ 11 टक्के. भाच्याचं उत्तर निम्मं निघालं, आणि चूक पट्टीची नव्हती.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. प्रत्येक बिंदूसाठी त्याच्या लगतच्या वरच्या-खालच्या रेषांमधलं अंतर तिथेच मोजायचं आणि रेषा बोटाने आकड्यापर्यंत न्यायची. पान मधे फुगलं असेल तरी हे चालतं. फोटो सरळ करून देणारी अॅप मी वापरत नाही; ती कडा सरळ करतात, पण पानाचा फुगवटा तसाच राहू शकतो आणि मग माणूस निर्धास्त होतो. दोन मिनिटं वाचवायला घाई करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

भागायचं ते आधीच्या भावाने. 440 चे 480 झाले तर वाढ 9 टक्के, पण 480 चे 440 झाले तर घट 8.3 टक्के.

आकडे 100, 200, 400 असे दुप्पट होत जात असूनही रेषा समान अंतरावर असतील, तर चार्ट लॉग स्केलचा आहे. तिथे 100 आणि 200 च्या बरोबर मधला भाव 150 नसून 141 असतो. वरची सरळ वाटणी तिथे लावू नका.

मधेच रेषा एका दिवसात निम्म्यावर कोसळलेली दिसली, तर टक्के काढण्याआधी त्या दिवशी शेअरचं विभाजन झालं होतं का किंवा बोनस मिळाला होता का, ते बघा; तसं असेल तर ती खरी घट नसते.

आणि दशांशाचा मोह सोडा. छापील रेषाच 1 मिलिमीटरपर्यंत जाड असू शकते. भाच्याच्या फोटोत उजवीकडे 1 मिलिमीटर म्हणजे सव्वादोन रुपये, डावीकडे पावणेदोन. एक चूक वर आणि दुसरी खाली पडली तर फरकात चार रुपये, म्हणजे जवळपास 1 टक्का. म्हणून मी त्याला 10.8 सांगितलं नाही. "अकराच्या आसपास, एखादा टक्का इकडेतिकडे," एवढंच सांगितलं.