रंग भरल्यावर मान वळवावी लागली तेव्हा

एका जोडप्याचे कमरेपर्यंतचे डिजिटल व्यक्तिचित्र मी पूर्ण रंगवून पाठवले आणि उत्तर आले, "यांचा चेहरा थोडा डावीकडे वळवता येईल का?" मान वळवायची म्हणजे रेषा, छाया आणि केसांवरचा उजेड हे सारेच नव्याने काढावे लागते, त्यात माझे 6 तास गेले, मोबदला मात्र तेवढाच राहिला. दोष ग्राहकाचा नव्हता, कारण कच्चे रेखाटन मी दाखवलेच नव्हते.

आता मी आधी छायाचित्र मागवतो आणि ते मोठे करून पाहिल्यावर डोळे व जबड्याची कड धूसर दिसली, तर दुसरे मागतो. अर्धी रक्कम आगाऊ आल्यावर रेखाटन पाठवतो. चेहऱ्याचा कोन, बसण्याची ढब आणि चौकट यांतले बदल फक्त याच टप्प्यावर, दोन फेऱ्यांत होतील आणि एका फेरीच्या सर्व सूचना एकाच संदेशात याव्यात, हे मी ऑर्डर घेतानाच लिहून देतो; लेखी होकार आल्याशिवाय रंगाला हात लावत नाही. त्यानंतर एकच फेरी, तीही रंगछटांपुरती. चेहऱ्याचे साम्यच साधले नसेल, तर ती दुरुस्ती मी विनामूल्य करतो.

दर पूर्वी मी चित्राच्या आकारावर ठरवत असे, पण खरा वेळ हात आणि नक्षीदार कापड खातात. म्हणून सपाट रंगांचा दर मूळ धरून छायांकनाला दीडपट, तर केस आणि कापडाचा पोत दाखवायचा असल्यास अडीचपट आकारतो. दुसऱ्या व्यक्तीसाठी त्या रकमेच्या पाऊणपट भर पडते. त्या जोडप्याचे छायांकित चित्र या हिशेबाने मूळ दराच्या सुमारे 2.6 पट झाले असते.