बेसिन मिक्सर बसवायला शिकताय? आधी तो उलटा धरा

सॅनिटरीच्या कामात नवीन आलेला मुलगा मिक्सर हातात आला की चकाकी, दांडा, तोटीची उंची बघतो. मी त्याला तो उलटा धरायला सांगतो. बेसिनवर मिक्सर नीट बसेल की नाही, बसल्यावर पाणी येईल की नाही, हे बहुतेक खालच्या बाजूला ठरलेलं असतं. इंदूरमध्ये साइटवर आणि सियागंजच्या काउंटरवर दोन्हीकडे वावरल्यामुळे मला हे जरा जास्तच जाणवतं. दुकानात विकलेला मिक्सर आणि साइटवर बसलेला मिक्सर यांच्यात वाद झाला, तर तो बहुधा नळ्यांवरून झालेला असतो.

आधी अंतरांचा घोळ मिटवू, कारण नवा माणूस इथेच अडकतो. ‘मिक्सरचं सेंटर दीडशे’ हे वाक्य प्रत्येकाच्या कानावर पडलेलं असतं. ते दीडशे मिलिमीटर भिंतीवरच्या मिक्सरचे, म्हणजे शॉवर-बादलीच्या मिक्सरचे. तिथे भिंतीतल्या गरम आणि थंड एल्बोंमध्ये तेवढं अंतर लागतं, आणि थोडं कमीजास्त झालं तर वाकडे लेग फिरवून जुळवून घेता येतं. बेसिनवर बसणाऱ्या मिक्सरशी या दीडशेचा संबंध नाही. तिथे प्रश्न बेसिनला भोकं किती आणि केवढ्या अंतरावर, एवढाच. सिंगल लिव्हरला एकच भोक लागतं, साधारण पस्तीस मिलिमीटरचं. दोन मुठींचा मिक्सर मात्र तीन प्रकारांत येतो. एक, सगळं एकाच भोकातून जाणारा. त्याला खाली सिंगल लिव्हरसारख्याच नळ्या असतात. दुसरा चार इंची, ज्याच्या दोन मुठींच्या मध्यांत १०२ मिलिमीटर असतात आणि खाली अर्ध्या इंची आट्यांचे दोन पितळी पाय येतात. तिसरा आठ इंची, ज्यात मुठी आणि तोटी सुट्या असतात. चार इंची पाय पितळेत ओतलेले असतात, ते हलत नाहीत, आणि बेसिनची चिनीमाती तर त्याहून हट्टी. भोकांचं अंतर टेपने मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. जुन्या चार इंची बेसिनवर सिंगल लिव्हर हवाच असेल तर बाजूची दोन भोकं झाकणारी पट्टी मिक्सरसोबत येते का, ते विचारा. वेगळी पट्टी नंतर शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

खालच्या अँगल कॉकचं अंतर यामानाने सोपं. लवचिक नळी असल्यामुळे तिथे थोडंफार चालून जातं. आम्ही गरम डावीकडे, थंड उजवीकडे आणि मध्ये बॉटल ट्रॅपला जागा एवढं पाहतो. कॉक एकमेकांना इतके चिकटून नकोत की पाना फिरणार नाही.

आता नळ्या. सिंगल लिव्हरच्या तळाला दोन बारीक भोकं असतात, त्यांत आतून आटे. त्यांत जाणाऱ्या नळीचं टोक बहुतेक वेळा एम१० असतं, म्हणजे बाहेरचा व्यास दहा मिलिमीटर आणि दोन आट्यांमध्ये एक मिलिमीटर. साध्या एम१० बोल्टचे आटे दीड मिलिमीटरचे असतात, म्हणून खोक्यातला बोल्ट घालून ‘दहाचंच आहे’ अशी खात्री करायला जाऊ नका. तो एखादा फेरा जाऊन अडेल आणि पितळेचे आटे खाईल. बारीक, नाजूक दिसणाऱ्या काही मिक्सरना एम८ लागतं, काहींना एम१२. व्हर्नियर लावा. दहाच्या नळीवर काटा दहाच्या किंचित खाली थांबतो, आठच्या नळीवर आठच्या किंचित खाली. डोळ्यांनी हा फरक कळतो असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण दोन्ही नळ्या शेजारी ठेवलेल्या नसतील तर तो कळत नाही.

जोडीतल्या दोन नळ्यांची मान, म्हणजे आटे आणि नळीची फुगीर बाही यांच्यामधला ताठ भाग, सारखी नसते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एकीची आखूड, एकीची लांब. मिक्सरची दोन भोकं इतकी जवळ असतात की दोन्ही माना सारख्या असल्या तर त्यांच्या फुगीर बाह्या एकमेकींना अडतात आणि दुसरी नळी पूर्ण बसतच नाही. म्हणून आधी आखूड मानेची घट्ट करायची, मग लांब मानेची. दुकानदाराने सुट्या दोन सारख्या नळ्या बांधून दिल्या तर परत करा.

एम१० टोकावर टेफ्लॉन टेप नको. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, रबरी रिंग अडवते. टेप गुंडाळली की रिंग आपल्या जागेपर्यंत पोचत नाही, आणि पितळ ताणलं जातं ते वेगळंच. रिंगेला थोडं पाणी लावायचं, हाताने शेवटपर्यंत फिरवायचं, वर पान्याने हलकासा ताव द्यायचा. खालचं टोक अर्ध्या इंची नटाचं. त्यात चपटा रबरी वायसर असतो, तिथेही टेपचं काम नाही.

एक गंमत: दोन्ही नळ्या वर लावून मग दोन्ही नट भोकातून खाली ढकलायला गेलात तर दुसरा नट कधीकधी अडतो, कारण पहिल्या नळीने जागा घेतलेली असते. भोक बत्तीसचं असेल तर हमखास. तेव्हा नळ्यांची बारीक टोकं खालून वर काढायची, मिक्सर बेसिनवर अधांतरी धरायचा, टोकं लावायची आणि मग मिक्सर खाली बसवायचा.

लांबीचा हिशेब सरळ आहे. मिक्सरच्या तळापासून कॉकच्या तोंडापर्यंत उभं अंतर तीनशे असेल, कॉक मध्यापासून शंभर बाजूला असेल, तर साडेचारशेची नळी बेताचा सैलपणा ठेवून बसते. सहाशेची घेतली तर तिला वळसा पडतो, आणि बाहीच्या लगेच पुढे मुडपली की आतलं रबर तिथेच दबतं. ताणूनही लावू नये. ताणलेली नळी नटावर तिरकी ओढ देते आणि वायसर एका बाजूने झिरपतो.

हे सगळं एकाच कामात कसं समोर येतं ते सांगतो. लोकमान्य नगरातलं तीन मजली घर, काम वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. जुना एका भोकाचा दोन मुठींचा मिक्सर निघाला होता आणि मुलाने युरोपातून सुरेख सिंगल लिव्हर पाठवला होता. मिक्सर भोकात बसला. नळ्यांचे खालचे नट मात्र आमच्या कॉकवर चढेनात. कॉकचं तोंड अर्ध्या इंची, म्हणजे बाहेरून जवळपास एकवीस मिलिमीटर. त्या नळ्यांचे नट तीन-अष्टमांश इंची, म्हणजे सतराच्या आतल्या आट्यांचे. माझा पहिला कल नळ्याच बदलण्याकडे असतो: वर एम१०, खाली अर्धा इंच, जोडणीत जास्तीचा सांधा नाही. पण व्हर्नियरने आठ दाखवलं. काउंटरवर एम१० ढीगभर, एम८ एकही नाही. मग मूळच्या नळ्या ठेवून दोन्ही कॉकवर अर्ध्या इंचावरून तीन-अष्टमांशवर आणणारा पितळी रिड्यूसर घालायचा एवढंच उरलं.

सांधे कोरडे होते. टिश्यू पेपर प्रत्येक सांध्याला फिरवून पाहिला, टिपूसही नव्हता. पण पाणी बघून काकू म्हणाल्या, “अरे, हा नळ आहे की गळती?”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. इंदूरच्या बऱ्याच भागांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे घरातला दाब म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा दाब. टाकी दोन-तीन फुटांच्या स्टँडवर, पाण्याची पातळी नळाच्या तोटीपासून साडेतीन मीटर वर. दहा मीटर पाण्याला साधारण एक बार धरा. इथे झाले ०.३५. खोक्यावर लिहिलं होतं मिनिटाला सहा लिटर, पण तीन बारला. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ०.३५ बारला त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे मिनिटाला जेमतेम दोन लिटर. लिटरभर पातेलं भरायला अर्धं मिनिट. तोटीत प्रवाह बांधणारी चकती असेल तर हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, पण चित्र तेच राहतं.

अशा वेळी दोष कुठे आहे ते क्रमाने शोधा. आधी तोटीची जाळी काढा. पाणी एकदम वाढलं तर अडथळा जाळीचा. बहुधा तिथे पाइपातला कचरा असतो, म्हणून नळ्या लावण्याआधी दोन्ही कॉक बादलीत उघडून लाइन धुऊन घ्यायची असते. जाळी काढूनही तेवढंच पाणी येत असेल तर कॉक बंद करून मिक्सरच्या बाजूची नळी सोडवा, टोक बादलीत धरा, कॉक उघडा. तिथेही धार बारीक, तर नळी सोडवून नुसता कॉक तपासा. काकूंकडे कॉकमधून धो धो पाणी, नळीच्या टोकातून बारीक धार. एम८ च्या मानेतलं भोक उजेडाकडे धरून पाहिलं की कारण दिसतंच. वर दांड्याखाली गरम-थंड मिसळणाऱ्या कार्ट्रिजच्या अरुंद वाटा आहेतच. वस्तू खोटी नव्हती, ती जास्त दाबाच्या घरासाठी घडवलेली होती.

वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली, मी आजही दोन मुठींचाच मिक्सर सुचवतो, आणि बेसिन तसं असेल तर अर्ध्या इंची पायांचा चार इंची. वाट रुंद असते, गरम-थंड वेगवेगळं हाताने बांधता येतं, आणि बोअरच्या जड पाण्याने स्पिंडल धरला तर नवा सहज मिळतो. सिंगल लिव्हरचं कार्ट्रिज पस्तीसचं की चाळीसचं, त्याचे खालचे पाय कसे, हे जुनं हातात घेऊनच शोधावं लागतं. साबणाचा हात असताना कोपराने उघडता येणं ही त्याची सोय मी नाकारत नाही. मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात ती मोठी आहे. फक्त दाब हवा.

काकूंनी वर दोन मुठींचा घेतला. परदेशी मिक्सर तळमजल्यावर त्यांच्या दिरांकडे गेला. दोन मजले खाली म्हणजे आणखी सहा मीटर, दाब ०.९५ बार, प्रवाह मिनिटाला सव्वातीन-साडेतीन लिटर. हात-तोंड धुवायला पुरे. रिड्यूसर तिथेही लागलेच. एम८ नळ्यांची एक जादा जोडी मुलाकडून मागवून घरात ठेवायला सांगितली. नळीच्या जाळीची एखादी तार तुटून बाहेर आली किंवा बाहीपाशी गंज दिसला की नळी बदलायची असते, आणि गरम बाजूचीला ती वेळ सहसा आधी येते.