बाप्पाच्या मुकुटावर घड्याळ येऊ नये म्हणून

गेल्या वर्षी आमच्या घरच्या गणपतीचा फोटो मोठ्या हौसेने लॉक स्क्रीनवर लावला आणि दहा दिवस बाप्पाच्या डोळ्यांवर वेळ वाचत बसलो. फोटो चांगला होता, फोनही बरा होता. चूक फोटो काढतानाच झाली होती, म्हणून यंदा मखराच्या सामानाबरोबर ही तयारीही आधीच करून ठेवली.

पहिलं काम फोटोचं नाही, मोजमापाचं. लॉक स्क्रीन उजळली की पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र दाबून स्क्रीनशॉट घ्यायचा. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाज वाढवण्याचं बटण. तो गॅलरीत उघडून बघायचं की घड्याळ आणि तारीख कुठे संपतात आणि खाली टॉर्च, कॅमेरा, बोटाच्या ठशाची खूण कुठे सुरू होते. माझा स्क्रीन १०८० बाय २४०० पिक्सेलचा आहे. त्यावर वरून ७२० पर्यंत घड्याळ आहे आणि २०५० नंतर खालची बटणं. थोडी फट सोडली तर ७५० ते २०५० एवढीच जागा खरी मोकळी. म्हणजे स्क्रीन उंच आणि निमुळता असला तरी मूर्तीला मिळणारी खिडकी १३०० उंच आणि १०८० रुंद, जवळजवळ चौकोनीच. आपण फोटो निवडतो स्क्रीनच्या आकाराकडे बघून, आणि गडबड होते ती इथे.

ॲन्ड्रॉइडवाल्यांनी आणखी एक बघून घ्यावं. काही फोनवर एकही नोटिफिकेशन नसेल तेव्हा घड्याळ दोन ओळींचं होऊन पार मधोमध येतं, आणि मेसेज आला की लहान होऊन वर सरकतं. अशा फोनवर कुठलाही फोटो नीट बसणार नाही. वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये घड्याळाचा आकार लहान करून टाकावा आणि मगच मोजमाप घ्यावं.

आता कॅमेरा. प्रमाण ३:४ ठेवायचं. ‘फुल’ किंवा ९:१६ निवडून काही वाढीव मिळत नाही, बहुतेक फोन त्याच फोटोच्या बाजू कापून देतात. फोन उभा धरायचा. आडवा फोटो ४००० बाय ३००० चा असेल तर माझ्या स्क्रीनवर त्यातली जेमतेम एक तृतीयांश रुंदी उरते, मखर विसराच. उभ्या फोटोतही ३००० पैकी १८०० पिक्सेलच दिसतात, दोन्हीकडून सहाशे सहाशे जातात. म्हणून कॅमेऱ्यातल्या जाळीच्या रेघा चालू करायच्या आणि मागे सरकायचं, वाटतं त्याहून दोन पावलं जास्त. मुकुटाचं टोक वरच्या आडव्या रेघेला टेकलं पाहिजे, आणि पाटाची कड खालच्या रेघेपासून फोटोच्या तळापर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर. मखराचे खांब उभ्या रेघांच्या फार बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, कारण बाजूच्या उभ्या पट्ट्यांतला बाहेरचा अर्ध्याहून अधिक भाग कापला जाणार आहे. हा फोटो बघताना रिकामा वाटतो. वर नुसता पडदा, खाली सतरंजी. मावशी म्हणतातच, “अगं, जवळून काढ ना!” जवळूनचा एक वेगळा काढावा, तो ग्रुपवर पाठवायला.

वर मागे काय आहे तेही बघून ठेवायचं. आकडे पांढरे असतील आणि वर पांढऱ्या शेवंतीची तोरणं, तर वेळ दिसणारच नाही. तोरण मखराच्या कमानीला लावावं आणि वरचा भाग एकाच गडद रंगाच्या पडद्याचा राहू द्यावा. दिव्यांची माळ घड्याळाच्या जागी आली तर आकड्यांमधून ठिपके लुकलुकतात आणि ११ चे १७ वाचले जातात.

पण गेल्या वर्षीचाच फोटो लावायचा असेल तर? मी तोच घेऊन बसले. ३००० बाय ४००० चा फोटो, त्यात मुकुटाचं टोक वरून ४०० वर आणि पाटाची कड ३५०० वर. फोन तो उंचीला भरून लावतो, म्हणजे सगळं ०.६ पट होतं. मुकुट येतो २४० वर, पाट २१०० वर, आणि घड्याळाखाली मूर्तीचा वरचा पाव भाग जातो. बोटांनी लहान करायला गेलं की फोन नकार देतो, कारण कडेला रिकामी पट्टी उरेल.

यावर उपाय म्हणजे आधी रिकामा कागद तयार करायचा. फोटो जुळवायच्या कुठल्याही ॲपमध्ये १०८० बाय २४०० चा कोरा कॅनव्हास घ्यायचा आणि फोटो ०.४२ पट करून, म्हणजे १२६० बाय १६८० चा करून, वरून ५८० वर ठेवायचा. मुकुट ७५० च्या जवळ येतो, पाट २०५० वर. आणि गंमत अशी की रुंदीतले फक्त नव्वद नव्वद पिक्सेल बाजूंना जातात, म्हणजे आधी कापलेलं मखरही परत मिळतं. वरची ५८० ची आणि खालची दीडशेच्या आतली पट्टी तेवढी भरायची. पडद्याचा रंग उचलून भरला तर जोडाची रेघ दिसते. त्यापेक्षा त्याच फोटोची मोठी, धूसर केलेली प्रत मागे ठेवावी आणि फोटोची वरची कड हळूहळू विरत न्यावी. आयओएस १७ पासून आयफोन स्वतःच फोटोच्या वर अशी धूसर जागा वाढवून देऊ शकतो. तिथे फोटो बोटाने खाली ओढून आधी बघावं, कदाचित कॅनव्हासची गरजच पडणार नाही.

आयफोनवर मुकुटाचं टोक आकड्यांच्या पुढे आणता येतं, त्याला डेप्थ इफेक्ट म्हणतात. आयओएस १६ आणि एक्सएस, एक्सआर किंवा त्यापुढचे फोन लागतात. टोक आकड्यांच्या खालच्या कडेला जरासं चढवायचं. जास्त चढवलं आणि वेळ झाकली जायला लागली, तर फोन परिणामच बंद करतो. घड्याळाखाली विजेट असलं तरीही. मागे नक्षीचं मखर असेल तर मूर्तीची कड फोनला ओळखता येईलच असं नाही. साध्या पडद्यापुढे हे जास्त जमतं.

होम स्क्रीनला हाच फोटो नको. तिथे घड्याळाऐवजी आयकॉनच्या रांगा असतात आणि बाप्पाच्या सोंडेवर बँकेचं ॲप येतं. आमच्या सासूबाईंना ते अजिबात चाललं नाही. आयफोनवर होम स्क्रीनला त्याच फोटोचा धूसर प्रकार निवडता येतो. ॲन्ड्रॉइडवर मी मखराच्या जरीच्या कापडाचा तुकडा कापून लावला, आयकॉनची नावं त्यावर स्वच्छ वाचता येतात. पानं सरकवली की मागचं चित्रही सरकतं असे काही लाँचर असतात. त्यांना उंचीला तेवढंच पण रुंदीला दुप्पट, म्हणजे २१६० बाय २४०० चं चित्र द्यावं, आणि त्यात मधोमध काही महत्त्वाचं ठेवू नये.

लावून झालं की घाईने खूश व्हायचं नाही. काही फोन हलल्याचा भास देण्यासाठी चित्र किंचित मोठं करूनच लावतात, म्हणून पुन्हा स्क्रीनशॉट घेऊन मुकुट आणि आकडे यांच्यात फट उरली आहे का ते बघायचं. मग घरातल्या कुणाला तरी मेसेज पाठवायला सांगायचं आणि नोटिफिकेशन आल्यावर घड्याळ आणि मूर्ती कुठे राहतात ते बघायचं. माझ्या फोनवर पहिला मेसेज बरोबर मोदकाच्या हातावर आला. मूर्ती आणखी खाली नेली तर पाट टॉर्चखाली जातो, म्हणून नोटिफिकेशन नुसत्या चिन्हांपुरती ठेवण्याची सेटिंग केली.